भामरागड आणि मुलचेरा: एकाच पॉइंटातल्या दोन ओळी

झाडीपट्टीच्या नाटकाचे पोस्टर वाचताना माझी नजर आधी खालच्या बाजूला जाते, जिथे गावाचे नाव छापलेले असते. नाटकाचे शीर्षक मोठे असते, नटनट्यांचे चेहरे त्याहून मोठे असतात, पण वाटेने जाणाऱ्याला पहिल्यांदा हवे असते ते ठिकाण. दिवाळीनंतर धान हाती आले की पूर्व विदर्भातल्या या पट्ट्यात नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक कंपन्यांचे केंद्र. गावोगावची मंडळे तिथून नाटक ठरवतात, आणि रात्रभर चालणाऱ्या प्रयोगाला लोक दूरदूरच्या गावांतून येतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. या रंगभूमीच्या अभिनयावर, संगीतावर, लावणीवर लिहिले जाते. तिच्या पोस्टरावरच्या अक्षरांवर फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

रसग्रहणासाठी मी पूर्ण पोस्टर घेत नाही, फक्त गावाच्या नावाची एक ओळ घेतो. पोस्टर २० बाय ३० इंची, छापखान्यात ज्याला डबल क्राउन म्हणतात तो कागद. मिलिमीटरमध्ये ५०८ बाय ७६२. नाटक कोणते, मंडळ कोणते, ते बाजूला ठेवू. समजा, एकाच नाटकाचे दोन प्रयोग आहेत आणि अहेरीत लावायच्या दोन पोस्टरांवर दोन वेगवेगळी गावे येणार आहेत: एकावर भामरागड, दुसऱ्यावर मुलचेरा. संगणकावर बसलेला मुलगा विचारतो, ‘नाव किती पॉइंटात घेऊ?’ समोरचा माणूस बोटांनी हवेत उंची दाखवतो आणि म्हणतो, ‘एवढे दिसले पाहिजे.’ एकाच्या मनात पॉइंट आहे, दुसऱ्याच्या मनात मिलिमीटर. दोघांच्या मधे जे गणित आहे ते साधे दिसते, आणि नेमके तिथेच पोस्टर बिघडते.

साधे गणित असे. एका इंचात ७२ पॉइंट, एका इंचात २५.४ मिलिमीटर. म्हणजे एक पॉइंट ०.३५२८ मिलिमीटर, आणि १०० पॉइंट म्हणजे ३५.२८ मिलिमीटर. शिशाच्या खिळ्यांच्या काळातला अमेरिकी पॉइंट किंचित लहान होता, ०.३५१४ मिलिमीटर. तो १८८६ साली तिथल्या ओतकारखान्यांनी आपसांत ठरवला. पुढे संगणकावर पोस्टस्क्रिप्ट आले तेव्हा इंचाचे सरळ ७२ भाग करून टाकले. या दोन पॉइंटांवर वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत. साठ मिलिमीटरच्या अक्षरात या वादाने पाव मिलिमीटरचाही फरक पडत नाही. खरा फरक त्याच्या शंभरपट मोठा असतो आणि तो दशांश चिन्हापाशी सापडत नाही.

तो समजायला खिळा हातात घ्यावा लागतो. जुन्या छापखान्यात जुळाऱ्याच्या पुढ्यातल्या कप्प्यांत शिशाचे खिळे असत. खिळा म्हणजे एक बारीक उभी कांडी. तिच्या डोक्यावर अक्षराचा उलटा उठाव. कांडी २३.३ मिलिमीटर उंच, म्हणजे छापताना सगळी अक्षरे एकाच पातळीवर शाई घेतात. पण ‘बारा पॉइंटचा खिळा’ म्हणताना ही उंची मोजत नाहीत. वरून पाहिले की कांडीचे डोके आयताकृती दिसते, आणि त्या आयताची वरून खाली जी लांबी, तेवढे पॉइंट. अक्षर त्या आयताच्या आत कुठेतरी बसलेले असते. वर वेलांटीसाठी, मात्रेसाठी, रफारासाठी जागा सोडलेली, खाली उकारासाठी जागा सोडलेली. क सारखे अक्षर, ज्याच्या वर काही नाही आणि खाली काही नाही, ते मधल्या पट्टीत राहते आणि बाकीचे शिसे मोकळेच असते.

संगणकाने शिसे टाकून दिले आणि आयत ठेवला. फॉन्टमध्ये आजही तो अदृश्य आयत असतो आणि पॉइंट त्याचीच उंची सांगतात. १०० पॉइंट म्हटले की ३५.२८ मिलिमीटर उंचीचा आयत मिळाला, हे शंभर टक्के खरे. अक्षर किती उंचीचे मिळाले, हे त्या आकड्यात लिहिलेले नाही. ते फॉन्ट काढणाऱ्याने ठरवलेले असते, आणि प्रत्येकाने वेगळे ठरवलेले असते. एकाच आयतात कुणी क मोठा बसवतो आणि वरच्या मात्रा आखूड करतो, कुणी क लहान ठेवून मात्रांना ऐसपैस जागा देतो. युनिकोडच्या आधीचे पुष्कळ मराठी फॉन्ट दुसऱ्या प्रकारचे आहेत. त्यामुळे जुन्या फॉन्टातला मजकूर नव्यात आणला आणि पॉइंट तोच ठेवला तरी अक्षर एकदम अंगावर येते, हा अनुभव डीटीपी करणाऱ्या कुणालाही असतो.

म्हणून मोजावे लागते, आणि मोजण्याची रीत दोन मिनिटांची आहे. कोरलड्रॉमध्ये पानाचे एकक मिलिमीटर करावे. जो फॉन्ट वापरायचा त्यात एकच अक्षर टाइप करावे, क. आकार १०० पॉइंट. मग Ctrl+Q दाबून त्याची रेघ-आकृती करावी, म्हणजे ते टाइप केलेले अक्षर न राहता नुसता आकार होतो आणि अदृश्य आयताशी त्याचा संबंध तुटतो. वरच्या पट्टीत त्याची उंची दिसेल. इंकस्केपमध्ये हेच काम Shift+Ctrl+C ने होते. आपल्या उदाहरणापुरते धरू की उंची २१ मिलिमीटर आली. आयत ३५.२८चा, अक्षर २१चे. बाकीचे चौदा मिलिमीटर वर-खाली मोकळे.

हा २१ आकडा त्या फॉन्टची खरी ओळख. तो संगणकाच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवावा, फॉन्टच्या नावासमोर. पुढे कोणतीही उंची हवी असली तरी एकच त्रैराशिक: हवे तेवढे मिलिमीटर भागिले २१, गुणिले १००. आता कुणी म्हणाले की अक्षर ६० मिलिमीटर हवे, तर ६० भागिले २१ गुणिले १००, म्हणजे २८६ पॉइंट. नुसत्या ०.३५२८ने भागले असते तर १७० आले असते. १७० पॉइंटात हे अक्षर कागदावर जेमतेम ३६ मिलिमीटर उतरते. मागणाऱ्याने साठ मागितले, करणाऱ्याने प्रामाणिकपणे साठच केले, आणि भिंतीवर छत्तीस लागले. दोघांचेही गणित बरोबर होते. फक्त एकाने अक्षर मोजले आणि दुसऱ्याने त्याचे अंथरूण.

पण ६० तरी का? हवेत दाखवलेल्या बोटांमागे काय असते? त्यांच्यामागे रस्ता असतो. पोस्टर दुकानाच्या भिंतीवर लागणार, माणूस पलीकडच्या कडेने जाणार, मधे समजू १२ मीटर. इथे डोळ्यांच्या डॉक्टरांचा तक्ता कामाला येतो, तो हर्मन स्नेलन या डच डॉक्टरांनी १८६२ साली केला. त्यातली सहा-बाय-सहाची ओळ, म्हणजे चांगल्या डोळ्याने सहा मीटरवरून वाचता यावी ती, सुमारे ८.७ मिलिमीटर उंच असते. अक्षराची उंची डोळ्याशी पाच मिनिटांचा कोन करते आणि त्यातली प्रत्येक रेघ एक मिनिटाचा. म्हणजे १२ मीटरवर ही कडेलोटाची उंची साडेसतरा मिलिमीटर. कडेलोटाची अशासाठी की तिथे डोळा ताणून, थांबून, एकेक अक्षर ओळखावे लागते. चालत्या माणसाला सहज वाचता यावे तर त्याच्या तिप्पट तरी हवे, म्हणजे बावन्न. आणि देवनागरीत एका अक्षरात रोमनपेक्षा जास्त रेघा दाटीने असतात, म्हणून थोडे वर, साठ. अंतराचा दोनशेवा भाग असा हा ठोकताळा पडतो. तो नियम नव्हे. पण बोटांनी हवेत दाखवण्यापेक्षा बरा, कारण त्यामागे रस्त्याची रुंदी आहे.

आता ओळ वाचू. भामरागड.

मराठी गावांच्या नावांत इतकी सपाट ओळ क्वचित सापडते. पाच उभे काने-दांडे, एक अखंड वाहणारी शिरोरेघ आणि तिच्या वर एकही चिन्ह नाही. खालीही उकार नाही, पाय मोडलेला नाही. ड ची शेपूट तेवढी पायरेघेशी खेळते. पूर्ण शब्द त्या २१च्या पट्टीतच राहतो. आयताचे जे चौदा मिलिमीटर मात्रांसाठी राखून ठेवले होते ते या नावाला लागतच नाहीत. जाड फॉन्टात लाल रंगाने हे नाव घेतले की ते विटांच्या थरासारखे दिसते. असे नाव मिळणे हे पोस्टर करणाऱ्याचे भाग्य.

पण या ओळीत एक नाजूक जागा आहे आणि ती पहिल्याच अक्षरात आहे. भ आणि म यांच्यातला फरक काय? म ची शिरोरेघ डावीकडच्या टोकापासून सुरू होते आणि तिथून दांडा खाली उतरतो. भ मध्ये डावीकडे वरच्या बाजूला एक छोटा वळसा असतो आणि त्याच्या व शिरोरेघेच्या मधे जागा सोडलेली असते. ती फट म्हणजेच भ. घ आणि ध यांचेही असेच आहे. जाड फॉन्ट काढताना रेघा फुगतात आणि या फटीला सगळ्यांत आधी झळ लागते. म्हणून क मोजून झाला की भ टाइप करून ती फटही मोजावी. मुळात क ची उंची एकट्याने काही सिद्ध करत नाही. अक्षर वाचले जाते ते त्यातल्या सर्वांत बारीक फरकाच्या जागी.

समजा, १०० पॉइंटला ही फट एक मिलिमीटर निघाली. २८६ पॉइंटला ती २.९ मिलिमीटर होईल. आता पुन्हा डोळ्याकडे जाऊ. १२ मीटरवर एक मिनिटाचा कोन म्हणजे साडेतीन मिलिमीटर. २.९ त्याच्या आत बसते. म्हणजे ज्याचा डोळा निर्दोष आहे त्यालाही १२ मीटरवरून ती फट वेगळी दिसणार नाही. वळसा शिरोरेघेत मिसळेल आणि भ च्या जागी म चा भास होईल. अक्षर साठ मिलिमीटरचे, ठोकताळ्याप्रमाणे पुरेसे, तरीही पहिले अक्षर संशयात. अहेरीचा माणूस भामरागड अंदाजानेच वाचील, कारण मामरागड नावाचे गाव त्याला ठाऊक नाही. पण नाटक प्रत्येक वेळी तालुक्याच्या ठिकाणी नसते. लहानशा टोल्याचे नाव असेल, तर त्याला अंदाज वाचवत नाही.

उपाय दोन. एक, त्याच घराण्यातला कमी जाडीचा फॉन्ट घ्यायचा, ज्यात फट रुंद असते. दुसरा, आकार वाढवायचा. फट किमान साडेतीन मिलिमीटर हवी तर ३५० पॉइंट. त्यात क साडेत्र्याहत्तर मिलिमीटर होतो. भामरागड १०० पॉइंटला १०५ मिलिमीटर रुंद निघाले असे धरले तर ३५०ला ते साडेतीनशेच्या थोडे वर, ३६७ मिलिमीटर होते. दोन्ही बाजूंना वीस-वीस मिलिमीटरचा समास सोडून कागदावर ४६८ उरतात. मजेत बसते. मी आकार वाढवीन, आणि जाडीही एक पायरी उतरवीन. कारण छपाईत शाई पसरते. साध्या कागदावर फट आणखी चिंचोळी होते, आणि लाल पट्टीवर पांढरे अक्षर घेतले तर पांढऱ्याच्या कडा लाल शाई खाते. तिथे उलट अक्षराच्या रेघाच बारीक होतात. संगणकाच्या पडद्यावर यातले काहीच दिसत नाही.

आता दुसरे पोस्टर. मुलचेरा.

म ला उकार, च ला मात्रा, र ला काना. एकच छोटे नाव, पण ते वरही जाते आणि खालीही जाते. त्याच फॉन्टात १०० पॉइंटला हे नाव टाइप करून आकृती केली आणि तिची उंची वाचली तर २१ येत नाही. समजा ३४ येते. मधली पट्टी २१, वर मात्रेचे ७, खाली उकाराचे ६. ३५० पॉइंटला हेच आकडे साडेत्र्याहत्तर, साडेचोवीस आणि एकवीस. एकूण ११९ मिलिमीटर. भामरागडला साडेत्र्याहत्तरात भागले, मुलचेराला ११९ लागले, आणि दोन्ही एकाच पॉइंटात आहेत.

इथे एक चूक इतकी सहज होते की ती चूक वाटतच नाही. भामरागडचे पोस्टर आधी तयार झालेले असते. मुलचेराचे करताना त्याचीच फाइल उघडतात, नाव बदलतात, आणि नवे नाव जुन्याच्या चौकटीत बसवायला कोपरा धरून ओढतात. चौकट साडेत्र्याहत्तर मिलिमीटर उंच होती, नवे नावही साडेत्र्याहत्तर उंच झाले. पडद्यावर मापे जुळली. पण त्या साडेत्र्याहत्तरात आता मात्रा आणि उकारही आले. मधली पट्टी किती राहिली? साडेत्र्याहत्तर गुणिले २१ भागिले ३४, म्हणजे पंचेचाळीस. पॉइंटात पाहिले तर ३५० वरून २१६ वर. साडेचौदा मीटरवरून वाचता येणारे अक्षर ९ मीटरवर आले, आणि कारण फक्त एवढेच की त्या गावाच्या नावात एक मात्रा आणि एक उकार होता.

भिंतीवर शेजारी-शेजारी लावल्यावर हे लगेच दिसते. मुलचेरा अंग चोरल्यासारखे वाटते. ओळखायची खूण अशी: पट्टी घेऊन पूर्ण नाव मोजू नये, दोन्ही पोस्टरांवरची साधी अक्षरे मोजावीत, भामरागडातला ग आणि मुलचेरातला ल. शिरोरेघेच्या वरच्या कडेपासून पायापर्यंत. ती सारखी असली की दोन नावे एका आवाजात बोलतात. म्हणून ओढून बसवण्याऐवजी पॉइंटाचा आकडा टाइप करावा. चौकटीतून बाहेर जाते तर जाऊ द्यावे, शेजारची ओळ सरकवावी.

आणि ही सरकवासरकवच मला पोस्टर करणाऱ्याची खरी परीक्षा वाटते. संगणक आपोआप ओळींत जे अंतर धरतो ते बहुधा पॉइंटाच्या १२० टक्के असते. ३५० पॉइंटला ४२० पॉइंट, म्हणजे १४८ मिलिमीटर. हे अंतर अंथरुणाच्या हिशेबाने ठरलेले. भामरागडच्या पायाखालून पुढच्या ओळीच्या शिरोरेघेपर्यंत त्यात एवढी रिकामी जागा राहते की तारीख आणि वेळ गावापासून तुटून पडते आणि खाली तिकिटाच्या दरांत जाऊन मिसळते. मुलचेराखाली त्या जागेतले एकवीस मिलिमीटर उकाराने भरतात. जाणता माणूस दोन्हीकडे हात घालतो. तो पाय ते पाय मोजत नाही. वरच्या ओळीचे सर्वांत खालचे चिन्ह आणि खालच्या ओळीचे सर्वांत वरचे चिन्ह, यांच्या मधली मोकळी पट्टी मिलिमीटरमध्ये धरतो. भामरागडखाली तारीख वर ओढून घेतो, मुलचेराखाली जिथे म चा उकार उतरला आहे तिथे तारखेच्या ओळीतली वेलांटी येणार नाही असे पाहतो. वाराचे नाव शुक्रवार असेल तर वर काहीच नाही, आणि शनिवार असेल तर पहिल्या दोन अक्षरांतच वेलांटी उभी राहते. अशा जागा शोधून ओळ दोन-चार मिलिमीटर डावी-उजवीकडे सरकवलेले पोस्टर दिसले की मी थांबून बघतो. त्यामागे बसलेल्या माणसाचे नाव कुठेच छापलेले नसते.

जुन्या मराठी नाटकांच्या जाहिरातींत हा प्रश्नच निराळा होता. कमल शेडगे यांच्यासारखे अक्षरकार शीर्षक हाताने काढत. हाताने काढलेल्या अक्षराला पॉइंट नसतात, कारण त्याला आयत नसतो. मात्रा कुठे तोडायची, उकार किती आत ओढायचा, हे त्या एका शब्दापुरते ठरते, आणि मग चित्र जसे लहान-मोठे करतात तसे ते अक्षर मिलिमीटरमध्ये लहान-मोठे होते. आजही ज्या पोस्टरावर शीर्षक हाताने काढलेले आणि बाकी मजकूर फॉन्टात असतो, तिथे दोघांना जोडणारे माप एकच उरते, मिलिमीटर. अशा वेळी शीर्षकातले एखादे साधे अक्षर मोजावे आणि त्याच्या निम्मे, तिसरा हिस्सा असे प्रमाण धरून खालच्या ओळींचे पॉइंट काढावेत.

अहेरीत आणखी एक पदर येतो. प्राणहिता ओलांडली की तेलंगण. या बाजूलाही घराघरात तेलुगू बोलली जाते, आणि पोस्टरावर किंवा दुकानाच्या पाटीवर दोन लिप्या शेजारी येणे इथे नवलाचे नाही. तेलुगूला शिरोरेघ नाही. तिची अक्षरे गोल, वर बरोबरच्या खुणेसारखे छोटे शेंडे, आणि जोडाक्षरातला दुसरा वर्ण खाली लटकणारा. त्या खालच्या वर्णासाठी तेलुगू फॉन्टही आपल्या आयतात जागा राखून ठेवतो, पण मराठी फॉन्टसारखी नव्हे. दोघांना २०० पॉइंट दिले की एक लिपी दुसरीला दाबते. कोणती, ते फॉन्टांच्या जोडीवर अवलंबून. रोमनचेही तसेच. एरियलचे मोठे अक्षर आयताच्या ७१.६ टक्के उंच असते. १०० पॉइंटला ते २५ मिलिमीटर भरते, आणि शेजारचा आपला क २१. महाराष्ट्रातल्या दुकानांच्या पाट्यांविषयी २०२२ साली कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीपेक्षा लहान नसावा असे म्हटले आहे. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदतही दिली. पाटी करणारा दोन्ही ओळींना एकच पॉइंट देऊन निर्धास्त होतो. पण रस्त्यावरचा माणूस पॉइंट बघत नाही, त्याला इंग्रजी मोठे आणि मराठी लहान दिसते, आणि त्याचे बरोबर असते. इथे क आणि इंग्रजीचे मोठे अक्षर मिलिमीटरमध्ये जुळवावे: इंग्रजी १०० पॉइंट तर हा मराठी फॉन्ट १२०.

हे सगळे हिशेब एका गोष्टीवर उभे आहेत, की फाइल आणि कागद एकाच मापाचे आहेत. प्रत्यक्षात पुष्कळ पोस्टरे ए-फोरच्या पानावर तयार होतात, कारण घरच्या प्रिंटरवर बघता येतात, आणि छापताना मोठी करतात. ए-फोर २१० मिलिमीटर रुंद. ५०८ करायला २.४२पट. तिथे फाइलमधल्या ३५० पॉइंटला काही अर्थ राहत नाही. अंतिम कागदावर ३५० हवे असतील तर फाइलमध्ये १४५ घ्यावे लागतील. शिवाय ए-फोर आणि २० बाय ३० यांची लांबी-रुंदीची प्रमाणे जुळत नाहीत. उंचीला २.५७पट लागतात. छापणाऱ्याने ‘पान भरून घ्या’ असे ऐकले तर तो उंचीला थोडे ताणतो आणि भामरागडची बैठक उभट होते. ताणलेले अक्षर ओळखायचे असेल तर शिरोरेघेची जाडी आणि उभ्या दांड्याची जाडी फाइलमध्ये आणि कागदावर मोजून त्यांचे प्रमाण पाहावे. फाइल पहिल्यापासून ५०८ बाय ७६२ची करणे हाच यावरचा सरळ उपाय.

आणि एक सवय. पोस्टरच्या कापाच्या रेघेबाहेर, जो भाग कापून जाणार तिथे, बरोबर १०० मिलिमीटर लांबीची एक आडवी आणि एक उभी रेघ काढून ठेवावी. शेजारी तसे लिहावे. पहिला कागद हाती आला की आधी या दोन रेघांवर पट्टी ठेवायची. दोन्ही ९६ भरल्या तर प्रिंटरने कागदात मावावे म्हणून फाइल लहान केली आहे. प्रिंटच्या खिडकीत त्या पर्यायावरची खूण काढून टाकायची असते. एक १०० आणि दुसरी १०६ भरली तर पान ताणले गेले आहे. दोन्ही शंभर भरल्या, की मग भामरागडातल्या ग वर पट्टी ठेवायची, साडेत्र्याहत्तर आहे का पाहायचे, कागद भिंतीवर धरायला दुसऱ्याला सांगायचे, रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि भ मधली फट दिसते का तेवढे बघायचे. दिसली तर बाकीच्या प्रती छापायला हरकत नाही.